पार्ट-टाइम नोकरीचा पगार खरा किती? कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हे गणित आधी करून पाहावं

परीक्षा संपल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरू लागतात. "दिवसाला ४०० कमवा", "शनिवार-रविवार काम, रोख पैसे". आकडा आकर्षक वाटतो, पण त्यातून खर्च आणि वेळ वजा केला तर हातात काय उरतं? आणि पुढे नोकरी शोधताना त्या कामाचा उपयोग होतो का?

पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी डोळ्यासमोर ठेवू. त्याच्यासमोर तीन कामं आहेत. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, त्या जागी तुम्ही तुमचे टाका.

पहिलं काम : फूड डिलिव्हरी

संध्याकाळी ६ ते ११. दहा ऑर्डर, प्रत्येकी ४० रुपये, म्हणजे ४०० रुपये. पण हॉटेलपर्यंत जाणं, ग्राहकाकडून परतणं आणि शेवटी घरी येणं धरून गाडी ५० किलोमीटर फिरते. ४५ च्या अ‍ॅव्हरेजने आणि १०५ रुपये लिटरने पेट्रोलचे साधारण ११७ रुपये होतात. ऑइल, टायर, ब्रेक, सर्व्हिसिंगसाठी किलोमीटरला एक रुपया धरला तर आणखी ५० गेले. उरले २३३. घरी येईपर्यंत साडेपाच तास झालेले असतात, म्हणजे तासाला सुमारे ४२ रुपये.

यात एक धोका सहसा कुणी सांगत नाही. खासगी दुचाकीचा विमा खासगी वापरासाठी असतो. डिलिव्हरी करताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. म्हणून कंपनी अपघात विमा देते का, आणि तो लॉग-इन असतानाच लागू होतो का, हे आधी विचारा.

दुसरं काम : कपड्यांचं दुकान

शनिवार-रविवार आठ तास, रोजचे ५०० रुपये. बसचे ४० वजा केले की ४६० उरतात. जाण्यायेण्याचा दीड तास धरून साडेनऊ तास, म्हणजे तासाला सुमारे ४८ रुपये. गाडीचा खर्च आणि धोका दोन्ही नाहीत.

तिसरं काम : सीएच्या ऑफिसात सुट्टीतली नोकरी

महिना ६,००० रुपये, २६ दिवस, रोज सात तास. बसभाडं रोज ४० रुपये, जाण्यायेण्यात एक तास. हातात ४,९६० उरतात आणि २०८ तास जातात. तासाला जेमतेम २४ रुपये! आकडा बघून कुणीही म्हणेल, हे काम सोडा.

मग निवड कशी करायची?

इथे दुसरा प्रश्न विचारावा लागतो : तिसऱ्या आठवड्यात मी जे करेन, ते पहिल्या आठवड्यापेक्षा वेगळं असेल का?

सीएच्या ऑफिसात सुरुवातीला बिलांची एंट्री देतात. नंतर बँक स्टेटमेंट आणि टॅलीतल्या नोंदी जुळवायला सांगतात. जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी साठी २० तारीख जवळ आली की ऑफिसात काय धावपळ होते, तेही दिसतं. अकाउंट्सच्या मुलाखतीत "बँक रिकन्सिलिएशन केलंय का?" या प्रश्नाला "हो" म्हणता येतं, आणि कसं केलं तेही सांगता येतं.

पण तीन आठवडे फक्त झेरॉक्स आणि फायली पोहोचवणं एवढंच चाललं असेल, तर तो अनुभव नव्हे, स्वस्तातली मजुरी झाली. तेव्हा सरळ काम बदलून मागा, नाहीतर दुकान बरं. दुकानातही फक्त कपड्यांच्या घड्या न घालता बिलिंग आणि स्टॉक मोजणं मागून घेतलं, तर सेल्स किंवा रिटेलच्या नोकरीत सांगण्यासारखं काही मिळतं.

घरी पैशांची खरंच निकड असेल, तर तासाचा दर पाहून निवड करण्यात काहीच चूक नाही. मात्र तो दर खर्च वजा केलेला असावा.

कॉलेज सुरू झाल्यावर काय?

रात्री साडेअकराला घरी येऊन सकाळी सातचं लेक्चर गाठणं रोज जमत नाही. आठवड्यातले सहापैकी दोन दिवस बुडाले की हजेरी ६७ टक्क्यांवर येते. अनेक विद्यापीठांत ७५ टक्के लागते. म्हणून रोजच्या रात्रीचं काम सुट्टीत, आणि सत्र चालू असताना फक्त शनिवार-रविवार, ही विभागणी सोयीची.

काम सोडताना

लेटरहेडवर पत्र मागा. त्यात कामाच्या तारखा आणि नेमकं काय केलं ते असावं. पगार शक्यतो बँक खात्यात घ्या, म्हणजे पुरावा राहतो. पैसे देताना टीडीएस कापला असेल आणि तुमचं उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून तो परत मिळवता येतो.

आणि नोकरी देण्याआधीच कुणी "रजिस्ट्रेशन", "किट" किंवा "डिपॉझिट" म्हणून पैसे मागत असेल, तर तिथून निघा. आधी पैसे मागणाऱ्या अशा अनेक जाहिराती फसवणुकीच्याच निघतात.