जमिनीवरच्या काळ्या डागाची साक्ष

15 ऑक्टोबर 1990 रोजी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल शहरात लाइम स्ट्रीटवरचे एक घर जळाले. दोन बायका आणि चार मुले अशी सहा माणसे त्यात गेली. घरातला पुरुष आणि त्याचा लहानगा मुलगा वाचले. मुलगा सोफ्यावर आगपेटीशी की लायटरशी खेळत होता, त्यातून आग लागली, असे बाप सांगत राहिला. पण बैठकीच्या खोलीतून निघणाऱ्या बोळाच्या जमिनीवर वेडेवाकडे, खोल जळालेले पट्टे होते. पेट्रोलसारखे काहीतरी ओतल्याशिवाय जमीन अशी जळत नाही, अशी तेव्हाच्या तपासनिसांची पक्की समजूत. बापावर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला.

ही समजूत आली कुठून, ते आधी पाहू. आगीच्या ज्वाळा आणि गरम धूर वर चढतात आणि चढताना दोन्ही बाजूंना पसरतात. म्हणून भिंतीलगत काही पेटले की भिंतीवर खाली निमुळता आणि वर रुंद होत जाणारा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा डाग उमटतो. तपासनीस त्याच्या टोकाशी काय होते ते शोधतो. लाकडी खुर्चीची कुठली बाजू जास्त खोलवर कोळसा झाली आहे, यावरून उष्णता कुठून आली याचा अंदाज येतो. आग वर जाते, मग जमीन जळालीच कशी? यावर जुने उत्तर एकच होते : कुणीतरी ज्वालाग्राही द्रव ओतला असणार.

लाइम स्ट्रीटच्या खटल्यात सरकार पक्षाने जॉन लेंटिनी आणि जॉन डीहान या दोन तज्ज्ञांना बोलावले. सुदैवाने शेजारीच त्याच बांधणीचे एक घर रिकामे पडले होते. जळालेल्या घरात होता तसाच गालिचा आणि तसेच सामान त्यात मांडण्यात आले आणि पेट्रोलचा थेंबही न वापरता सोफा पेटवण्यात आला. सुमारे साडेचार मिनिटांत सगळी खोली एकदम भडकली. आग बोळात शिरली आणि जमीन तशीच जळाली. आरोप मागे घेण्यात आला.

खोली अशी एकदम भडकण्याला 'फ्लॅशओव्हर' म्हणतात. छताखाली साचलेला गरम धूर साधारण 500 ते 600 अंश सेल्सियसला पोचला की त्याची धग खाली पडू लागते आणि खोलीतली प्रत्येक जळणारी वस्तू, जमिनीवरचा गालिचासुद्धा, जवळजवळ एकाच वेळी पेट घेते. त्यानंतर सर्वांत जास्त जळालेली जागा म्हणजे आग सुरू झाली ती जागा, हे गणित चुकते. जिथे दारा-खिडकीतून हवा मिळते तिथे आग जोरात जळते आणि नवे, फसवे व्ही डाग उमटवते. म्हणून नुसत्या डागावरून आज कुणी पेट्रोल ठरवू नये. प्रयोगशाळेने ते नमुन्यात दाखवले पाहिजे.

आता घटनास्थळ जसेच्या तसे का हवे, ते कळेल. भिंतीवरचा डाग एकटा बोलत नाही. त्याच्यासमोर काय ठेवले होते हे ठाऊक असेल तरच त्याचा अर्थ लागतो. खुर्चीच्या पायांखाली जमिनीवर न जळालेले चार ठिपके राहतात. त्यावरून तपासनीस जळकी खुर्ची पुन्हा मूळ जागी ठेवून पाहतो. ढिगारा तो थराथराने उचलतो, कारण पडण्याचा क्रम त्यात असतो. खिडकीच्या काचेचा तुकडा सगळ्यात खाली, जमिनीला चिकटून आणि काजळीविना सापडला, तर धूर साचण्याआधीच काच फुटली असावी. एकदा फावडे फिरले की खालचा तुकडा वर येतो आणि हा पुरावा कायमचा जातो.

ओलसर गालिच्यात पेट्रोलचा अंश असेल तर तो उडून जातो. म्हणून नमुना स्वच्छ, हवाबंद पत्र्याच्या डब्यात भरतात. साध्या प्लॅस्टिक पिशवीतून वाफ निसटते. त्याच गालिच्याचा दुसऱ्या कोपऱ्यातला तुकडाही घेतात, कारण जळालेल्या गालिच्यातूनच पेट्रोलियमसारखी रसायने निघू शकतात. आग लागलेल्या खोलीत कुणी पेट्रोलवर चालणारा पंप आणून ठेवला, तर मग सापडलेला अंश कुणाचा, हे सांगता येत नाही.

आपल्याकडे आग विझताच घरचे लोक ढिगारा उपसायला लागतात, आणि कारणाच्या जागी 'शॉर्टसर्किट' लिहिले जाते. पण वायरीवरचा वितळलेल्या तांब्याचा मणी पुरेसा नाही : आगीने आधी वायरीचे आवरण जाळले आणि मग तारा एकमेकींना चिकटल्या, तरी असाच मणी होतो. मेन स्विच आणि एमसीबी पडलेले होते की चालू, गॅसचा रेग्युलेटर कुठल्या स्थितीत होता, यावरून पुढचा उलगडा होतो. म्हणून आग विझल्यावर आणि धोका टळल्यावर यांपैकी कशालाही हात लावू नका. सुरक्षेसाठी जवानांनी काही बंद केले वा हलवले असेल, तर काय आणि कुठून ते विचारून लिहून ठेवा. दागिने-कागदपत्रे काढायची घाई असेल, तर पंचनामा होईपर्यंत थांबा, किंवा तपासनिसासमोरच काढा.