एका टक्क्याचा फरक

डिस्काउंटेड कॅश फ्लो (पुढे मिळणाऱ्या रोख रकमांचे आजचे मूल्य) या पद्धतीने कंपनीची एकमेव खरी किंमत निघते, असा मुलाखतीला जाणाऱ्या अनेक उमेदवारांचा समज असतो. प्रत्यक्षात तो अंदाज असतो. हापूसची बाग घेतानाही आपण पुढच्या हंगामांचे उत्पन्न धरूनच भाव ठरवतो.

समजा, पुढच्या वर्षी १०० कोटी रुपये रोख मिळतील, अपेक्षित परतावा १२ टक्के आणि कायमची वाढ ४ टक्के. फरक ८ टक्के. १०० कोटींना त्याने भागले की मूल्य १,२५० कोटी. वाढ ५ टक्के धरली, तर सुमारे १,४२९ कोटी.

मुलाखतमंडळ ‘५ टक्केच का?’ असे विचारते ते वाढीतल्या एका टक्क्याने मूल्य इतके बदलते म्हणूनच. कोणतीही कंपनी अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने कायम वाढू शकत नाही, या मर्यादेत आपले कारण सांगावे आणि दोन्ही आकडे समोर ठेवावेत.