केटी लागली, तरी कळवा

शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टकडे जानेवारी-फेब्रुवारीत मुलींची पत्रं येतात. बहुतेक पत्रांत आभार दोन पानं आणि अभ्यास एका ओळीत: ‘निकाल समाधानकारक आहे.’ सोबत गुणपत्रिका नसली की वाचणारा समजून जातो, केटी आहे.

नमुन्यादाखल एक वेगळं पत्र घेऊ. मुलगी डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलेली. ट्रस्टने तिला ४० हजार दिले होते, २२ हजार फीसाठी आणि १८ हजार वसतिगृह-मेससाठी. ती लिहिते: ‘एम-थ्रीत शंभरपैकी ३१ मिळाले, पास व्हायला ४० लागतात. पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू मी केलेलं नाही. लाप्लासची सूत्रं पाठ होती, पण इंटिग्रेशनमध्ये अडकले. आता एम-टूच्या वहीतून तेवढाच भाग करते आहे. मे महिन्यात पेपर पुन्हा देईन. बाकी चारही विषय सुटले. गुणपत्रिका जोडली आहे.’

डिप्लोमाच्या मुलांची ही अडचण नेहमीची आहे, त्यामुळे कारण पटतं. शिवाय ती ‘जास्त मेहनत करीन’ म्हणत नाही, काय करते आहे ते सांगते. मे महिन्यानंतर ट्रस्टने काय विचारायचं तेही त्यातच आलं. अशा केटीवर शिष्यवृत्ती थांबवणारी समिती माझ्या मते चुकते. लपवलेल्या केटीचं मात्र अवघड होतं. ती पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या अर्जात उघडी पडते, तोवर विश्वासही गेलेला असतो.

तिच्या पत्रातला खरा कसोटीचा भाग पैशांचा होता. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. ती त्यात बसली आणि कॉलेजने २२ हजार तिच्या खात्यावर परत केले. तिने ते न विचारता खर्चले नाहीत. ‘वसतिगृहाला आणि मेसला माफी नाही, तिथे नऊ हजार कमी पडतात. तेवढे वापरू का? उरलेले १३ हजार परत करते,’ असं तिने लिहिलं आणि मेसच्या पावत्या जोडल्या.

हे फेब्रुवारीत कळलं म्हणून उपयोग झाला. ट्रस्टचं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि इन्कम टॅक्सची सवलत टिकवायची तर उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. फीसाठी दिलेली रक्कम मेसकडे वळवायला विश्वस्तांचा ठराव हवा, कारण ऑडिटर तो मागतो. मे महिन्यात आलेल्या पत्राने मागच्या वर्षाचा हिशेब दुरुस्त होत नाही.

नऊ हजारांचा ठराव मार्चच्या बैठकीत झाला. परत आलेले १३ हजार प्रतीक्षायादीतल्या एका नर्सिंगच्या मुलीला त्याच महिन्यात मिळाले.