बारा टक्के कमावणारं मशीन का नाकारलं?

चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी आहे असं समजू. कारखान्यात नवं मशीन घ्यायचं आहे. ते करानंतर वर्षाला 12 टक्के परतावा देईल, असा अंदाज आहे. बँक 10 टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. मग अडलंय कुठे? तरीही कंपनीचा वित्त विभाग ‘नको’ म्हणतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

बँक 10 टक्क्यांवर तयार होते, कारण कर्जाच्या मागे भागधारकांचं भांडवल उभं असतं. धंदा बुडाला तर आधी त्यांचा पैसा जातो, बँकेचा नंतर. ही जोखीम भागधारक फुकट घेत नाहीत. त्यामुळे मशीनला लावायचा दर एकट्या कर्जाचा नसतो. कंपनीत आलेल्या सगळ्या पैशाचा, ज्याच्या-त्याच्या वाट्याप्रमाणे काढलेला सरासरी दर लावायचा असतो. वित्त विभागात त्याला ‘वॅक’ म्हणतात, म्हणजे भांडवलाचा भारित सरासरी खर्च.

या कंपनीच्या शेअर्सचं बाजारमूल्य 60 कोटी, कर्ज 30 कोटी आणि प्रेफरन्स शेअर्स 10 कोटी आहेत. भागधारकांचा दर कुठल्याही करारात लिहिलेला नसतो, तो अंदाजाने काढावा लागतो. सरकारी रोख्यावर सुमारे 7 टक्के बिनघोर मिळत असतील, तर अशा कंपनीची जोखीम घेण्यासाठी गुंतवणूकदार आणखी 8 टक्के मागेल. म्हणून इथे 15 टक्के धरू. प्रेफरन्स शेअरवर ठरलेला लाभांश 11 टक्के आहे.

कर्जाच्या व्याजाला मात्र कराची सवलत आहे. व्याज हा धंद्याचा खर्च मानला जातो, म्हणून ते वजा केल्यावर उरलेल्या नफ्यावर कर बसतो. 30 कोटींवर 10 टक्क्यांनी वर्षाला 3 कोटी व्याज होतं. 2019मध्ये जाहीर झालेला सवलतीचा दर निवडलेल्या देशी कंपनीला अधिभार आणि उपकर धरून 25.168 टक्के कर लागतो. म्हणजे व्याजामुळे सुमारे साडेपंचाहत्तर लाखांचा कर वाचतो. 10 टक्क्यांचं कर्ज कंपनीला प्रत्यक्षात सुमारे 7.48 टक्क्यांना पडतं. हीच व्याजाची करढाल.

प्रेफरन्स शेअरलाही ठरावीक दर असतो, त्यामुळे तो कर्जासारखा वाटतो. पण त्यावर दिला जातो तो लाभांश, आणि तो कर भरून झाल्यावर उरलेल्या नफ्यातून जातो. 1 कोटी 10 लाखांचा लाभांश द्यायला कंपनीला करापूर्वी सुमारे 1 कोटी 47 लाख कमवावे लागतात. म्हणून त्याचा दर 11 टक्केच राहतो.

आता बेरीज करू. भागधारकांचा वाटा 60 टक्के, दर 15, म्हणून 9 टक्के. प्रेफरन्सचा वाटा 10 टक्के, दर 11, म्हणून 1.10. कर्जाचा वाटा 30 टक्के, दर 7.48, म्हणून 2.24. एकूण जवळपास 12.35 टक्के. मशीन 12च टक्के देतं, म्हणून ते नाकारलं.

नेमकी इथेच एक चूक होते. ताळेबंदात भागधारकांचं भांडवल 20 कोटीच दिसतं, कारण तिथे जुने आकडे असतात. तेच वजन धरलं तर कर्जाचा वाटा फुगून निम्मा होतो आणि सरासरी सुमारे 10.6 टक्क्यांवर येते. मग हेच मशीन फायद्याचं दिसतं. पण आज शेअर विकत घेणारा 60 कोटींच्या मूल्यावर 15 टक्के मागतो आहे, 20 कोटींवर नाही. म्हणून वजन बाजारभावाचंच घ्यायचं.

दुसरी चूक दुहेरी मोजणीची. मशीनच्या उत्पन्नातून व्याज आधीच वजा केलं आणि वर वॅकही लावला, तर एकच खर्च दोनदा धरला जातो. मशीनची कमाई करानंतरची, पण व्याजापूर्वीची मोजायची. व्याजामुळे वाचलेला करही तिथे धरायचा नाही, कारण तो 7.48च्या दरात आलेलाच आहे.

मग स्वस्त पडतं म्हणून कर्जच वाढवत नेलं तर? कर्ज वाढलं की भागधारकांची जोखीम वाढते आणि ते 15च्या जागी 17-18 टक्के मागू लागतात, पुढे बँकही दर वाढवते. शिवाय करढाल नफा असेल तरच कामाची. तोटा झाला, तर व्याज द्यावंच लागतं, पण वाचवायला त्या वर्षी करच नसतो. हा तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो, पण वाट पाहावी लागते. दीर्घकाळ कर भरावाच लागणार नाही असं दिसत असेल, तर कर्जाचा दर पूर्ण 10 टक्के धरायचा. या उदाहरणात तेव्हा सरासरी 13.1 टक्क्यांवर जाते. म्हणून वॅक मांडताना कराचा दर लिहिण्याआधी पुढच्या काही वर्षांत कर भरण्याइतका नफा होणार आहे का, हे पाहावं लागतं.