पेटंटचा कागद मोबाईलवर वाचा: गावात बनेल अशी वस्तू कशी ओळखायची?

‘पेटंट मिळालेलं यंत्र’ असं सांगून हल्ली तालुक्याच्या बाजारात बरंच काही विकलं जातं. एजन्सी घ्या म्हणून बचत गटांकडे पैसेही मागितले जातात. पण पेटंटचा कागद काही गुपित नसतो, तो मोबाईलवर फुकट वाचता येतो. समोरचा खरं बोलतोय का हे त्यातून कळतंच, शिवाय ही वस्तू आपल्याला आपल्या गावात बनवता येईल का, हेही कळतं. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. ती कशी, ते एका साध्या वस्तूवरून बघू.

वस्तू आहे धान्यातले किडे पकडायची नळी. कोईमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने ही नळी पुढे आणली. साधारण हातभर लांबीची नळी, तिला सगळीकडून 2 मिलिमीटरची छिद्रं, आणि खाली फिरवून काढता येणारा प्लास्टिकचा शंकू. गव्हाच्या कोठीत ती उभी खुपसायची, शंकू खाली आणि वरचं टोपण धान्याच्या पातळीला. दाटून भरलेल्या धान्यातले किडे मोकळ्या हवेकडे जातात. सोंडा छिद्रातून आत शिरतो, घसरून शंकूत पडतो, आणि गुळगुळीत प्लास्टिकवरून त्याला वर चढता येत नाही. आठवड्यातून एकदा शंकू काढून रिकामा करायचा. वीज नको, औषध नको.

संशोधनाच्या ढिगातून अशी वस्तू वेगळी दिसते ती तिच्या भागांमुळे. आधी चित्र बघा आणि भाग मोजा. प्रत्येक भागासमोर लिहा, हा तालुक्याला मिळतो का, की मुंबईहून आणावा लागेल, की साचाच करून घ्यावा लागेल. या नळीत तीनच भाग आहेत आणि अडचण फक्त शंकूची आहे. उलट एखाद्या कागदात सेन्सर, पंप, खास लेप असं सगळं आलं, तर कल्पना कितीही भारी असली तरी ती सध्या आपल्यासाठी नाही. पुढच्याला हात घाला.

आता कागद कुठे सापडतो ते. भारताच्या पेटंट कार्यालयाची शोधायची जागा iprsearch.ipindia.gov.in इथे आहे, तिला InPASS म्हणतात. तिथे इंग्रजीतच शोधावं लागतं. इंग्रजी अडलं तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा. Title च्या रकान्यात grain insect trap असं काही टाका. शब्द बदलून दोन-चार वेळा बघा, कारण एकच वस्तू कुणी trap म्हणतो, कुणी device.

इथेच बहुतेक लोक फसतात. वर Published आणि Granted असे दोन पर्याय असतात. Published म्हणजे अर्ज फक्त जाहीर झाला. अर्ज केल्यापासून 18 महिन्यांनी तो आपोआप जाहीर होतो, आणि वेगळी फी भरून विनंती केली तर त्याआधीही होतो. वस्तू नवी आहे का, चालते का, हे तोवर कुणीही तपासलेलं नसतं. कागदापुरतेच राहिलेले असे अर्ज ढिगाने आहेत. Granted म्हणजे तपासणी होऊन पेटंट मिळालं. विक्रेत्याला अर्जाचा नंबर मागा आणि स्वतः बघा. नंबर द्यायला का-कू करत असेल, तर एजन्सीचे पैसे खिशातच ठेवा.

पेटंट मिळालेलं असलं तरी ते कशावर मिळालंय, हे Claims या भागात असतं. चित्र, माहिती, फायदे हे बाकीचं सगळं वर्णन असतं. हक्क फक्त Claims मध्ये लिहिलेल्याचा. तिथलं पहिलं वाक्य लांबलचक असतं, त्याचे तुकडे पाडा. नमुना म्हणून धरा की ते असं आहे: ‘छिद्रं असलेली नळी, तिच्या खाली निमुळता शंकू, आणि शंकूत बसवलेला दिवा.’ हे तीन तुकडे झाले. पेटंट या तिन्हींच्या जोडणीवर आहे. कुणी दिव्याशिवाय साधी नळी बनवली, तर ती सहसा या दाव्यात बसत नाही.

साध्या नळीवर आज कुणी हक्क सांगायला आलं तर? छिद्रांच्या नळीने धान्यातले किडे पकडण्यावर कॅनडातल्या दोन संशोधकांचा लेख 1967 सालीच छापून आलाय. जे आधी छापून जगासमोर आलं, त्यावर नव्याने पेटंट मिळत नाही. म्हणून जुने संशोधन लेखही चाळायचे. मूळ कल्पना किती जुनी आणि नवा बदल किती छोटा, हे त्यातून कळतं.

मग पेटंट जिवंत आहे का ते बघा. भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं चालतं, तेही दरवर्षीची फी भरली तरच. InPASS वर E-Register उघडलं की पेटंट चालू आहे की बंद पडलं, ते दिसतं. फी थकून बंद पडलेलं दिसलं म्हणून लगेच साचा करायला टाकू नका. मालकाला ते पुन्हा चालू करून घेण्यासाठी 18 महिन्यांत अर्ज करता येतो. आणि एखादं पेटंट फक्त अमेरिकेतलं असेल, तर इथे बनवून इथे विकायला ते आडवं येत नाही.

कागद मोकळा निघाला तरी वस्तू आपल्याकडे चालेल का, हे पेटंटात लिहिलेलं नसतं. त्यासाठी संशोधनाचा सारांश वाचा. कृषी विद्यापीठांचे प्रबंध krishikosh.egranth.ac.in वर आहेत. आपल्या राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्कोच्या शिफारशी तर मराठीतच मिळतात. वाचताना बघायचं की चाचणी प्रयोगशाळेच्या बरणीत झाली की शेतकऱ्याच्या कोठीत, आणि शोध लावणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी ती करून पाहिली का.

नळीच्या मर्यादाही अशाच वाचून कळतात. ती फक्त चालते-फिरते किडे पकडते. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, अळी आतच वाढते, आणि तिला नळी काहीच करू शकत नाही. म्हणून एकदा रिकामी करून भागत नाही, आठवड्यामागून आठवडे ती ठेवावी लागते. ओलसर गहू भरला असेल तर किडे वाढतच राहतील. नाचणी, राजगिरा यांचे दाणे 2 मिलिमीटरच्या छिद्रातून आतच पडतील. तूर-हरभऱ्यातला भुंगेरा धान्याच्या वरच्या थरात जास्त फिरतो, त्यासाठी वरच्या बाजूनेही पकडणारी वेगळी रचना लागते.

बचत गटाने बनवायचं ठरवलं तर आधी पाच-सहाच नळ्या करा. एकाच पोत्यातला किडका गहू दोन डब्यांत सारखा भरा आणि एकातच नळी लावा. दर आठवड्याला शंकूतले किडे मोजून वहीत लिहा. महिन्याभराने दोन्ही डबे चाळून जिवंत किडे मोजा. दोन्हीत सारखेच निघाले, तर नळी आतून खरखरीत राहिली असेल आणि किडे वर चढून परत जात असतील. स्वस्त पाईपला हातड्रिलने भोकं पाडली की कडा आत राहतात, त्या घासून काढाव्या लागतात.

आणि दाव्याचे सगळे तुकडे तुमच्या वस्तूत असतील, पेटंटही चालू असेल, तर मालकाचा परवाना लागतो. मालक विद्यापीठ असेल तर ते फी आणि लेखी करार करून परवाना देतं. चौकशीला जाताना नळ्या आणि ती वही सोबत न्या. परवाना गटाच्या नावाने मिळेल का, किती वर्षांसाठी आणि कोणत्या भागासाठी, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.