घड्याळाचा मणी

आईला सकाळी साडेसहाच्या एसटीने जायचं होतं. ती धावतपळत स्टँडवर पोहोचली, तर एसटी यायला अजून दहा मिनिटं होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझं घड्याळ घाईत आहे." जानेवारीत मी हौसेने बनवलेलं, लाल आकड्यांचं ते घड्याळ स्वयंपाकघराच्या भिंतीवर होतं. लावून पाच आठवडे झाले होते आणि तेवढ्यात ते साडेनऊ मिनिटांनी पुढे गेलं होतं.

मग नीट मोजायला बसलो. रविवारी सकाळी नऊला मोबाइलवरची वेळ बघून घड्याळ लावायचं आणि पुढच्या रविवारी नऊला फरक लिहायचा. पहिल्या आठवड्यात १ मिनिट ५५ सेकंद पुढे, दुसऱ्या आठवड्यातही तेवढंच. चूक होती, पण इमानदार होती. डाग सुटला असता किंवा तार हलली असती, तर फरक कधी इकडे, कधी तिकडे गेला असता. दर आठवड्याला नेमका तेवढाच फरक पडतो, म्हणजे ठोकाच चुकीचा पडतोय.

ठोका देतो तो क्वार्ट्झचा क्रिस्टल. पुण्याच्या तपकीर गल्लीत मुठीत मावतील एवढे मिळतात. तांदळाच्या दाण्याहून किंचित लांब चंदेरी डबी आणि तिला केसासारखे दोन पाय. आत दोन दातांचा इवलासा चिमटा असतो. क्वार्ट्झला वीज दिली की ते वाकतं आणि वाकवलं की वीज देतं, म्हणून हा चिमटा थरथरत राहतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. आकडा विचित्र वाटतो, पण तो १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो. माझ्या घड्याळात सीडी४०६० ही आयसी त्यातल्या १४ वेळा निम्मा करते आणि शेवटचा निम्मा दुसऱ्या आयसीकडे आहे.

आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. त्यात ११५ जास्त, म्हणजे दहा लाखांमागे साधारण १९०. क्रिस्टलच्या भाषेत सांगायचं तर तो सेकंदाला ३२,७६८ ऐवजी ३२,७७४ वेळा थरथरत होता. फक्त सहा थरथरी जास्त!

माझा पहिला संशय हवामानावर गेला. थंडीचे दिवस, लंबकाच्या घड्याळाचा लंबक थंडीत आखडतो आणि घड्याळ पुढे पळतं, तसंच काहीसं असणार. पण या चिमट्याच्या क्रिस्टलची चाल वेगळी असते. साधारण २५ अंशांना तो सर्वांत जलद असतो. त्याहून गरम करा किंवा गार करा, तो मागेच पडतो, आणि तोही २५ पासूनच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत. दहा अंश दूर गेलात तर दहा लाखांत साडेतीन, वीस अंश दूर गेलात तर जवळजवळ चौदा. म्हणजे थंडी असो की ऊन, माझं घड्याळ मागे पडायला हवं होतं. ते पुढे पळत होतं, तेही १९० ने. तापमान सुटलं निर्दोष. निदान तेव्हा तरी.

उत्तर क्रिस्टलच्या माहितीपत्रकात एका ओळीत होतं: लोड कपॅसिटन्स १२.५ पिकोफॅरड. ती ओळ मी आधी वाचली होती आणि सोडून दिली होती. मंडळ चालतंय ना, मग कपॅसिटर कशाला, असा माझा हिशेब.

तंबोऱ्याची खुंटी पिळून तार जवळपास सुरात येते, पण नेमका सूर लागतो तो तारेखालचा मणी सरकवून. क्रिस्टलचा मणी म्हणजे त्याच्या पायांना दिसणारा कपॅसिटन्स. तो कमी असेल तर क्रिस्टल किंचित चढा लागतो, जास्त असेल तर उतरा. कारखान्यात त्याचा सूर लावतात तोच हा मणी ठरलेल्या जागी धरून. म्हणजे ३२,७६८ हा आकडा सशर्त आहे: पायांवर साडेबारा पिकोफॅरड असतील, तरच. माझ्याकडे होते फक्त तारांचे आणि आयसीच्या पायांचे आपसूक आलेले, अंदाजे साडेतीन. या जातीच्या क्रिस्टलचे नेहमीचे आकडे घालून हिशेब केला तर साडेतीनवर तो दहा लाखांत सुमारे १९० ने चढा लागायला हवा. ताळा जमला.

लगेच १२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले, क्रिस्टलच्या एकेका पायापासून जमिनीकडे. आठवड्यानंतर घड्याळ १८ सेकंद पुढे. सुधारणा मोठी, पण चूक शिल्लक. इथे बरेच हौशी फसतात आणि मीही फसलो. क्रिस्टलला ते दोन कपॅसिटर एकामागे एक जोडलेले दिसतात आणि तसे जोडले की दोघांची बेरीज होत नाही, निम्मे होतात. बारा आणि बारा म्हणजे सहा. त्यात आपसूकचे साडेतीन धरले तर साडेनऊ. साडेबारा हवे तर जोडी अठराची लागते. अठरा लावले आणि फरक तीन सेकंदांवर आला. तेवढी सूट कारखान्यानेच स्वतःसाठी ठेवलेली असते.

या सगळ्यात एक गंमत कळली. क्रिस्टलची थरथर थेट मोजावी म्हणून मित्राचा ऑसिलोस्कोप आणला. टोक क्रिस्टलच्या पायाला टेकवलं आणि घड्याळ थांबलं. मोजायच्या तारेचेच दहा-पंधरा पिकोफॅरड! नाडी बघताना रोग्याचा हात दाबून धरल्यासारखं झालं. मोजायचंच तर आयसीच्या पुढच्या पायांवर मोजावं, नाहीतर सरळ आठवडाभर वाट पाहावी.

मार्चमध्ये घड्याळ लाकडी पेटीत गेलं आणि निर्दोष सुटलेला आरोपी परत आला. बारा व्होल्टचे पाच करणारा रेग्युलेटर मी पेटीत क्रिस्टलच्या शेजारीच बसवला होता आणि तो तापत होता. मे महिन्यात पेटीत थर्मामीटर ठेवला तर ४६ अंश. घड्याळ आठवड्याला सहा सेकंद मागे. मग मी एका कपॅसिटरच्या जागी ट्रिमर बसवला, म्हणजे स्क्रू फिरवून कमीजास्त करता येणारा कपॅसिटर, आणि प्लॅस्टिकच्या पेचकसाने थोडा थोडा फिरवत दोन-तीन आठवड्यांत घड्याळ वेळेवर आणलं. खूश होतो.

डिसेंबरात पेटीतलं तापमान ३० वर आलं आणि घड्याळ पुन्हा पुढे, आठवड्याला आठ सेकंद. थंडीने ते जलद झालं नव्हतं. मे महिन्यातला मंदपणा भरून काढायला मी जो मणी सरकवला होता, तो आता विनाकारण सरकलेला होता. ट्रिमर फिरवून हे सुटणारं नव्हतंच, कारण ट्रिमर एकाच तापमानासाठी खरा. खरा उपाय उष्णता काढण्याचा. रेग्युलेटर काढून टाकला, मोबाइल चार्जरसारखा पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर भिंतीकडे दिला आणि ट्रिमर २५ अंशांच्या आसपास पुन्हा लावला. पुण्यातल्या घरात आता ऋतूंचा फरक आठवड्याला दोन-तीन सेकंदांपलीकडे जात नाही. याहून कमी हवा असेल, तर स्वतःचं तापमान बघून स्वतःला दुरुस्त करणारी डीएस३२३१ सारखी आयसी मिळते, पण मग माझ्या हातात काय उरलं?

गेल्या रविवारचा फरक दीड सेकंद. आईला वहीतला आकडा दाखवला. तिने चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, "छान. आता ते पाच मिनिटं पुढे लावून ठेव, एसटी चुकायला नको."