थेट विक्रीची संहिता : बेसा येथील करवती साडीच्या निमित्ताने

नागपूरच्या दक्षिणेस विस्तारलेल्या बेसा परिसरात घरातील एका खोलीतून साड्यांचा व्यवसाय करणाऱ्या भगिनींना दुकानाच्या भाड्यापेक्षा भ्रमणध्वनीचा कॅमेरा अधिक परवडतो. सायंकाळी फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू करायचे, साड्या उलगडून दाखवायच्या, येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि मागणी नोंदवून घ्यायची, अशी ही रीत. फेसबुकने थेट प्रक्षेपणातच खरेदी करण्याची स्वतंत्र सोय १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केली. म्हणून आता मागणी टिप्पणीत, पैसे यूपीआयने आणि पत्ता व्हॉट्सॲपवर, असा तीन ठिकाणी विखुरलेला व्यवहार होतो. हा व्यवहार सुरळीत होण्यासाठी संहिता लागते. पाठ करून म्हणावयाचे भाषण म्हणजे संहिता नव्हे. काय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत दाखवायचे, याचा तो लेखी ठराव असतो.

उदाहरणादाखल करवती साडी घेऊ. विदर्भातील ही कोशाची हातमाग साडी. तिच्या काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, त्यावरून हे नाव पडले. विणताना तीन धोटे वापरतात, एक अंगासाठी आणि दोन दोन्ही काठांसाठी. काठाचा बाणा अंगात किंवा अंगाचा बाणा काठात न जाता दोन्ही धागे सांध्यावर एकमेकांत अडकवले जातात. म्हणून काठाचा रंग भरीव उतरतो आणि दाते साडीच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिसतात. पडद्यावर दाखवता येईल असा हा सर्वांत चांगला पुरावा आहे. आश्चर्य असे, की बहुतेक विक्रेत्या सुलट बाजू दाखवूनच थांबतात.

समजा, एका तासात दहा साड्या दाखवायच्या आहेत. सुरुवातीची पाच आणि शेवटची पाच मिनिटे नियम सांगण्यास व मागण्या पुन्हा वाचून दाखविण्यास ठेवली, तर प्रत्येक साडीला पाच मिनिटे मिळतात. प्रेक्षक मध्येच येतात आणि मध्येच जातात. म्हणून प्रत्येक साडीची सुरुवात त्याच तीन गोष्टींनी व्हावी, क्रमांक, प्रकार आणि किंमत. चौथ्या साडीची संहिता साधारण अशी लिहिता येईल :

“ताई, ही साडी क्रमांक चार. करवती काठाची कोशाची साडी, हातमागावरची. किंमत नऊ हजार पाचशे रुपये, टपालखर्च वेगळा. एकच नग आहे. आता काठ जवळून पाहा… आणि ही उलटी बाजू. दाते दोन्हीकडे सारखे आहेत. टेप लावते : साडी साडेपाच मीटर, ब्लाऊजपीस ऐंशी सेंटिमीटर, ते यातच जोडलेले आहे. अंगावर एका ठिकाणी धाग्याची गाठ आहे, तीही दाखवते.”

यातील शेवटचे वाक्य वगळण्याचा मोह अनेकींना होतो. परंतु हातमागाच्या वस्त्रातील गाठ ग्राहकाने घरी पाहिली, तर ती दोष ठरते, आणि आधी दाखविली, तर विणीची खूण. साडी परत येण्याचे प्रसंग बरेचदा अशा न सांगितलेल्या गोष्टींतून उद्भवतात. किंमतही मोठ्याने सांगावी. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ म्हटले, की पुढचा सर्व वेळ ‘केवढ्याला?’ या एकाच प्रश्नात जातो.

रंगाच्या बाबतीत कॅमेरा फसवतो. पिवळ्या दिव्याखाली कोशाचा नैसर्गिक मधाळ रंग केशरी दिसतो, आणि भ्रमणध्वनी आपण होऊन उजेड जुळवून घेतो, तेव्हा तीच साडी दोन मिनिटांत दोन रंगांची भासते. उपाय साधा आहे. साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवावा. कागद पिवळट दिसू लागला, की रंग बिघडला हे विक्रेत्यालाही कळते आणि प्रेक्षकालाही. शिवाय रंग शब्दांत सांगावा : आमसुली, मोतिया, डाळिंबी, वांगी. ‘मरून’ म्हटल्याने प्रत्येकीच्या मनात वेगळी छटा येते.

प्रश्नांमध्ये सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘कोसा खरा आहे ना?’ रेशीम मार्कचे लेबल असल्यास ते कॅमेऱ्यासमोर धरणे उत्तम. जाळून पाहण्याचे प्रात्यक्षिकही करता येते, पण बहुधा ते चुकीच्या पद्धतीने केले जाते. पदराच्या दशांतील धागा ओढून जाळला, तर फक्त ताण्याची परीक्षा होते, कारण दशा ताण्याच्याच धाग्यांच्या असतात. बाणा सुती किंवा कृत्रिम असेल, तर ते त्यातून कळणार नाही. म्हणून कापलेल्या कडेतून एक आडवा धागाही काढावा आणि दोन्ही धागे चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर वेगवेगळे जाळावेत. खरे रेशीम ज्योत दूर केल्यावर विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे उरलेली काळी गोळी बोटांनी चुरडते. कृत्रिम धागा वितळतो व त्याची कडक गोळी होते. वास पडद्यापलीकडे जात नाही. म्हणून संहितेत ‘वास बघा’ असे न लिहिता ‘गोळी पांढऱ्या कागदावर चुरडून दाखवते’ असे लिहावे. जरीचा किंवा रंगाच्या पक्केपणाचा मात्र यातून काहीच निर्णय होत नाही.

आपल्या समाजातील भगिनी आणखी एक प्रश्न विचारतात : यात जीवहत्या होते का? याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे, कारण गडबडीत ‘नाही, नाही’ असे तोंडून जाते. सलग धागा काढायचा, तर सामान्यतः कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. पतंग बाहेर पडलेल्या फुटक्या कोशांपासून कातलेले सूतही मिळते. आपल्या सुताचा प्रकार विणकराकडून निश्चित कळला असेल, तरच तसे सांगावे. अन्यथा ‘ही खात्री मला देता येत नाही, सुती साड्या क्रमांक आठपासून आहेत’ हे उत्तर पुरेसे आहे.

एकाच नगावर दोघींनी हक्क सांगितला, की खरा कस लागतो. प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोहोचते, म्हणून ‘मी आधी म्हटले होते’ हा वाद होणारच. नियम सुरुवातीलाच सांगावा आणि प्रत्येक तिसऱ्या साडीला पुन्हा सांगावा : टिप्पणीत ‘४ हवी’ असे लिहायचे, विक्रेत्याच्या पडद्यावर आधी दिसेल तिचा पहिला हक्क, वीस मिनिटांत पैसे न आल्यास दुसरीला. टिप्पण्या वाचून वहीत लिहिण्यास घरातील दुसरी व्यक्ती बसवावी. दाखवणारीनेच वाचायचे ठरवले, तर साडीही निसटते आणि ग्राहकही. किंमत सांगून झाल्यावर दहा-पंधरा सेकंद मुद्दाम थांबावे. ती शांतता अवघड वाटते, पण मागणी त्याच वेळी उमटते.

पैसे आल्याचे ग्राहकाने पाठविलेल्या चित्रावरून मानू नये, ती चित्रे बनावटही असतात. स्वतःच्या बँक खात्यात जमा दिसल्यावरच वहीत खूण करावी. ‘पैसे पाठवतो, आधी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे कुणी म्हटले, तर संभाषण तेथेच बंद करावे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. परराज्यातून मागणी आली, तर जीएसटी नोंदणीचे नियम राज्यांतर्गत विक्रीपेक्षा वेगळे असल्याने करसल्लागाराकडून उत्तर आधीच घेऊन ठेवावे.

प्रक्षेपण संपताच त्याचे चित्रण उतरवून घ्यावे. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवर नवे थेट चित्रण तीस दिवसच राहते. साडी पोहोचल्यावर ‘गाठ सांगितली नव्हती’ अशी तक्रार आली, तर क्रमांक चारचे ते वाक्य शोधून पाठविता यावे, यासाठी वहीत प्रत्येक साडीपुढे ती दाखविल्याचे मिनिटही लिहून ठेवतात.